कापलेल्या शंभर चौकटी

गेल्या वर्षी आमच्या तालुक्याच्या वाचनालयाने एक कथास्पर्धा घेतली. तिच्या तीन परीक्षकांत मी होतो. समीक्षाशास्त्राचे शिक्षण माझ्यापाशी नाही. मॅट्रिकनंतर मी कॉलेज पाहिलेले नाही. चार कादंबऱ्या लिहिल्या, आणि शाळेत मुलांचे निबंध तपासताना लाल शाईचा पेन बराच झिजवला, एवढीच माझी पात्रता. स्पर्धेच्या नियमाप्रमाणे कथांवरील नावे झाकलेली होती. त्यामुळे ज्या कथेविषयी मला आज लिहावयाचे आहे ती बाईची की पुरुषाची, तरुणाची की प्रौढाची, हे मला ठाऊक नाही. तिचे नाव 'वाढदिवस'. तिला बक्षीस मिळाले नाही. आणि ते न मिळण्यात माझा हात होता. "ही चकव्याची कथा आहे, शेवटच्या पानावरच्या धक्क्यासाठी सारा खटाटोप," असे मी म्हणालो, आणि इतर दोघांनी मान डोलावली. आता वर्षभराने मला वाटते, की माझा निकाल चुकला. कथेत दोष होता, पण तो मी दाखवला तिथे नव्हता. जिथे मी बोट ठेवले ती तर कथेची सर्वांत खरी जागा होती. हे कबूल करण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

कथा कोणी वाचलेली असण्याचा संभव नाही, म्हणून ती प्रथम सांगितली पाहिजे. कृष्णाकाठच्या एका गावातली आजी पंच्याहत्तर वर्षांची होणार आहे. घरात औक्षणासाठी पंच्याहत्तर दिव्यांची तयारी चालली आहे. नातू पुण्याला एका जाहिरातपटांच्या कचेरीत संकलक आहे; चित्रे कापणे व जोडणे हाच त्याचा धंदा. आजीच्या नणंदेचे लग्न १९८९ साली घरापुढच्या मांडवात झाले, तेव्हा व्हिडिओ शूटिंग झाले होते. घरातल्या इतर कॅसेटी २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात गेल्या. ही एक तेवढी पुण्याच्या नातेवाइकाकडे पाहायला नेलेली होती, म्हणून वाचली. आजीचे हलते-बोलते चित्र जगात एवढ्या एका फितीवर आहे. फीत दोन तास पन्नास मिनिटांची, आणि आजी तीत दिसते ती सारी मिळून अकरा मिनिटे. नातू त्यांतून सहा मिनिटांचा एक चित्रपट करतो, आणि वाढदिवसाच्या संध्याकाळी, कोणालाही आधी न सांगता, दिवाणखान्यातल्या टीव्हीवर लावतो.

सारे घर टाळ्या वाजवते. आजी मात्र दोन गोष्टी विचारते. पहिली, "नथ उजव्या नाकात कशी रे माझ्या?" आणि थोड्या वेळाने, दिवे विझत आल्यावर, दुसरी: "आणि आई कुठं गेली?"

या दोन प्रश्नांतच कथा आहे. बाकी सारे त्यांच्याभोवतीचे घर आहे.

पहिल्या वाचनात हे प्रश्न मला नीट समजले नाहीत, याचे कारण हे, की त्या धंद्याची मला माहिती नव्हती. पुढे आमच्या शाळेच्या एका जुन्या संमेलनाची कॅसेट संगणकावर उतरवून घेण्यासाठी मी जिल्ह्याच्या गावी एका फोटो-स्टुडिओत गेलो, आणि तिथल्या मालकाजवळ अर्धा दिवस बसलो. लग्नांच्या शूटिंगचे 'मिक्सिंग' करण्यात त्याचे निम्मे आयुष्य गेलेले. त्याने माझी कॅसेट हातात घेतल्याबरोबर यंत्रात घातली नाही. तिच्या काचेच्या खिडकीतून त्याने आतली गुंडाळी उजेडाकडे धरून पाहिली. फितीच्या कडेला पांढरट भुकटीची वर्तुळे दिसली की बुरशी आली असे समजावे. तशी फीत साफ न करता चालवली तर यंत्राचे डोके माखते, आणि पुढे त्यात घातलेल्या चांगल्या कॅसेटीलाही ती लागण होते. मग त्याने फीत एकदा शेवटपर्यंत नेऊन परत गुंडाळली, व्ही.सी.आर.ची पिवळी तार चित्रासाठी आणि दुसरी आवाजासाठी जोडली, आणि स्वस्थ बसला. "आता?" मी विचारले. "आता काय, तीन तासांच्या फितीला तीन तास. हिला घाई चालत नाही गुरुजी," तो म्हणाला.

ते तीन तास मी त्याला प्रश्न विचारीत राहिलो, आणि 'वाढदिवस' ही कथा माझ्या मनात पुन्हा पहिल्यापासून वाचली जाऊ लागली. आपल्याकडच्या व्हिडिओत सेकंदाला पंचवीस चित्रे असतात. त्या प्रत्येकाला संकलक चौकट म्हणतात. पंचवीस चौकटी डोळ्यांपुढून गेल्या की आयुष्यातला एक सेकंद गेला. संगणकाच्या पडद्यावर त्या एका ओळीत मांडलेल्या असतात. हवी ती उचलावी, नको ती काढावी, इथली तिथे नेऊन लावावी. कथेतला नातू हेच करतो, आणि लेखकाने ते इतके बारकाईने लिहिले आहे की तो हा धंदा जवळून जाणतो याबद्दल मला शंका उरली नाही.

आता पहिला प्रश्न, नथीचा. मांडवात आजोबा, म्हणजे तेव्हाचा चाळिशीतला यजमान, कोणाला तरी शोधल्यासारखे उजवीकडे पाहतात. दुसऱ्या एका ठिकाणी, पाऊण तासानंतर, आजी मागच्या अंगणातल्या चुलीजवळ उभी आहे. ती वाकून पाहते आणि हसते. नातू या दोन तुकड्यांना जोडतो. आजोबा पाहतात, आजी हसते. बघणाऱ्याला वाटते, भर मांडवात, शंभर माणसांच्या गर्दीत या नवराबायकोची नजरानजर झाली. आजोबा २००३ सालीच वारले आहेत. त्यांचे तोंड त्या घरात तेव्हापासून कोणी हलताना पाहिलेले नाही. तेव्हा या जोडावर सुना डोळे पुसतात यात नवल नाही.

ही युक्ती जुनी आहे. शंभर वर्षांपूर्वी रशियात कुलेशोव्ह नावाच्या दिग्दर्शकाने एका नटाचा निर्विकार चेहरा घेऊन तो तीन वेगवेगळ्या चित्रांना जोडला: सुपाची बशी, शवपेटीत निजलेली स्त्री, खेळणारी लहान मुलगी. प्रेक्षकांनी नटाच्या अभिनयाची वाहवा केली. भूक, दुःख, वात्सल्य त्याने किती सूक्ष्मपणे दाखवले म्हणाले. चेहरा तिन्ही वेळा तोच होता. कुलेशोव्हचा शिष्य पुदोव्किन याने ही हकीकत लिहून ठेवली आहे. तिचा अर्थ असा, की चित्रातला भाव पुष्कळदा चित्रात नसतो. दोन चित्रांच्या सांध्यात असतो, आणि तो सांधा आपण पाहणारे भरून काढतो.

पण नातवाला एक अडचण येते. दोन माणसे एकमेकांकडे पाहत आहेत असे भासवायचे तर एकाची नजर पडद्याच्या उजवीकडे आणि दुसऱ्याची डावीकडे असावी लागते. आजोबाही उजवीकडे पाहतात आणि आजीही उजवीकडेच. दोघेही तिसऱ्याच कशाकडे पाहत आहेत असे दिसते. तेव्हा तो आजीचे चित्र आरशातल्यासारखे उलटे करतो. संगणकावर हे एका खटक्याचे काम आहे. स्टुडिओवाल्याला मी विचारले, की असे केलेले कळते कसे? तो म्हणाला, "अक्षर शोधायचं. भिंतीवर कॅलेंडर असेल, घड्याळ असेल, तर ते लगेच सांगतं. ते नसलं तर बाईचा पदर बघायचा." आपल्याकडे पदर डाव्या खांद्यावर असतो आणि नथ डाव्या नाकपुडीत. चुलीजवळ कॅलेंडर नव्हते. पदर धुरापासून वाचवायला कमरेला खोचलेला होता. राहिली नथ. सहा मिनिटांच्या त्या चित्रपटात आजीचे हसू दोन सेकंद टिकते, आणि त्या दोन सेकंदांत चाळीस माणसांपैकी एकट्या आजीला ती दिसते. कारण ते नाक तिचे होते.

नातू हसत हसत कबूल करतो. आजी रागावत नाही. ती फक्त म्हणते, "मी यांच्याकडं नव्हते बघत. दूध उतू जाता जाता राहिलं, म्हणून हसले." हे वाक्य वाचून मी पहिल्यांदा हसलो आणि पुढे गेलो. आता ते मला तसे ओलांडता येत नाही. त्या लग्नात दोन दिवस चुलीपाशी उभ्या असलेल्या बाईला स्वतःचे असे एक लहानसे यश मिळाले, ते म्हणजे दूध वेळेवर उतरवले गेले. त्याचे तिला हसू आले. नातवाने ते हसू तिच्याकडून घेऊन नवऱ्याच्या पदरात टाकले. प्रेमाने टाकले, हे खरे. पण तिचे एक सुख, जे कोणाशीही संबंधित नव्हते, ते त्या घरात कोणाला पुरेसे वाटले नाही.

इथे मला माझी एक गोष्ट सांगणे भाग आहे. माझ्या पहिल्या कादंबरीत मी आमच्या आत्याबाईंचा विधवा होण्याचा प्रसंग लिहिला. त्या रात्री त्या परसात एकट्या बसून रडतात असे त्यात आहे. पुस्तक छापून आले तेव्हा मी ते त्यांना मोठ्या अभिमानाने वाचून दाखवले. त्यांनी सारे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "छान लिहिलंस. पण मी रडले नव्हते रे. मला त्या रात्री कधी नव्हे ती झोप लागली." मी त्यांना सांगितले, की कादंबरीत असे चालते. त्यांनी मान हलवली. पुस्तकातली आत्याबाई अजून रडते आहे, आणि खरी आत्याबाई आता नाही. नातवाच्या कथेने मला अस्वस्थ केले याचे खरे कारण हे असावे; आणि अस्वस्थ झालेला परीक्षक त्या कथेला 'चकवा' म्हणून बाजूला सारतो, हेही मानवी आहे.

आता दुसरा प्रश्न. इथे लेखकाने जे केले आहे ते मला विशेष वाटते.

फितीच्या मध्यावर कुठे तरी शूटिंगवाला जेवायला गेला आहे. हॅलोजनचा दिवा त्याने विझवला, पण कॅमेरा स्टुलावर तसाच चालू राहिला. सात मिनिटे त्यात काहीच नाही. अर्धी भिंत, मागच्या अंगणाचे दार, भांड्यांचे आवाज, आणि उजेड नसल्यामुळे चित्रावर वाळू पडावी तशी खरखर. त्या दारातून एक म्हातारी, नऊवारी नेसलेली, हातात कळशी घेऊन जाते. जाता जाता ती मान वळवून कोणाला तरी हाक मारते, "अगं सुमे, इकडं ये," आणि चौकटीबाहेर निघून जाते. सारे मिळून चार सेकंद, म्हणजे शंभर चौकटी. नातू ती सात मिनिटे पहिल्याच बैठकीत काढून टाकतो. आजी त्यांत दिसत नाही, उजेड नाही, म्हातारी अनोळखी, आणि सुमी नावाचे आपल्या घरात कोणी नाही.

आजीचे नाव वसुधा आहे. ते तिला सासरी आल्यावर, लग्नाच्या वेळी तांदळात लिहून दिलेले. माहेरी ती सुमन होती. माहेरचे नाव घेणारे माणूस त्या सासरच्या मांडवात एकच होते, आणि ते कळशी घेऊन चालले होते. त्या म्हाताऱ्या आईचा फोटोसुद्धा कुठे नाही. जोपर्यंत घरातला व्ही.सी.आर. चालत होता तोपर्यंत आजी दुपारी एकटी असताना ती कॅसेट लावी, आणि वरमाला, अक्षता, पंगती हे सारे भराभर पुढे पळवून नेमकी त्या अंधाऱ्या सात मिनिटांवर थांबे. घरातल्यांना वाटे, आजीला लग्न पाहण्याची हौस आहे.

म्हणजे दोन तास पन्नास मिनिटांच्या त्या फितीत जे सर्वांत मोलाचे होते ते शूटिंगवाल्याने घेतलेलेच नव्हते. ते त्याच्या निष्काळजीपणामुळे राहून गेले होते. आणि नातवाने जे काढले ते निष्काळजीपणाने काढलेले नाही. कौशल्याने काढले आहे. चांगला संकलक जे काढील तेच त्याने काढले. त्याच्या हातून चूक झाली असे म्हणण्यापेक्षा त्याच्या हुन्नरालाच ते दिसणे शक्य नव्हते असे म्हणावे लागते. अंधार, खरखर आणि अनोळखी माणूस यांना टाकाऊ समजण्याचे शिक्षण त्याने घेतले होते. निबंधाच्या वह्यांत 'विषयाला सोडून' असा शेरा मारून मी आजवर मुलांची किती वाक्ये तांबड्या रेघेखाली घातली असतील, हे मला आता मोजवत नाही.

मी या कथेला चकवा म्हणालो होतो, त्याचा आता विचार करू. आपल्याकडे कथेच्या तंत्राची चर्चा ना. सी. फडक्यांनी 'प्रतिभासाधना'त केली. सफाईने रचलेले कथानक, वाढत जाणारी उत्कंठा आणि परिणामकारक शेवट यांचे वळण त्या चर्चेने आपल्या कथेला लावले. पुढे गाडगीळ, गोखले, भावे, माडगूळकर यांच्या नवकथेने तो साचा झुगारून दिला, आणि तेव्हापासून अखेरच्या धक्क्याकडे आपण जरा संशयाने पाहतो. हा संशय बहुधा योग्यच असतो. कारण अशा कथेत लेखक एक महत्त्वाची गोष्ट वाचकापासून लपवून ठेवतो आणि शेवटी खिशातून काढतो. त्यात वाचकाची फसगत होते, पण वाचकाविषयी काही सिद्ध होत नाही.

'वाढदिवस'मध्ये काहीच लपवलेले नाही. कळशी घेतलेली म्हातारी दुसऱ्याच पानावर येते. "अगं सुमे" ही हाकही तिथेच आहे. नातवाच्या खाटखूट चाललेल्या हातांबरोबर ती अर्ध्या वाक्यात येते आणि जाते. मी ते वाक्य वाचले होते. माझ्या डोळ्यांखालून गेले होते. आणि पुढचे वाचण्याच्या नादात मी ते टाकून दिले होते. शेवटी आजीने "आई कुठं गेली" असे विचारल्यावर मी पाने उलटून मागे गेलो, आणि ती म्हातारी तिथेच होती. ज्या शंभर चौकटी नातवाने कापल्या त्याच मीही कापल्या होत्या. हा चकवा नव्हे. लेखक इथे वाचकाकडूनच ती कृती करवून घेतो आणि मग तिचा जाब विचारतो. वाढदिवसाचा चकित करणारा बेत नातवाने आजीसाठी आखला. चकित झाला नातू, आणि त्याच्याबरोबर वाचक. कथेचा घाट तिच्या आशयातूनच वाढतो असे आपण नेहमी म्हणतो. तसे खरोखर झालेले मी पुष्कळ दिवसांत पाहिले नव्हते, आणि पाहिले तेव्हा ओळखले नाही.

एवढे म्हटल्यावर दोषाकडे वळतो. कारण दोष आहे, आणि तो लहान नाही. आजीच्या दुसऱ्या प्रश्नानंतर कथा संपायला हवी होती, किंवा दुसऱ्या दिशेला जायला हवी होती. लेखक ती तिसरीकडेच नेतो. नातू घाबरून मूळ कॅसेट काढतो, शेजाऱ्याच्या जुन्या व्ही.सी.आर.मध्ये घालतो, फीत यंत्रात गुंतते, चुरगाळते, तुटते, आणि नेमकी ती चार सेकंदे नाहीशी होतात. नातू आजीच्या मांडीवर डोके ठेवून रडतो. आजी त्याच्या केसांतून हात फिरवते. स्पर्धेतले माझे दोन्ही सहपरीक्षक या ठिकाणी गहिवरले होते. मी गहिवरलो नाही, पण का, ते मला सांगता आले नाही. आता सांगता येते.

पहिले असे, की हे खरे नाही. मी स्टुडिओवाल्याला विचारले, फीत तुटली तर? त्याने एक रिकामी कॅसेट उपडी केली आणि तिचे पाच स्क्रू दाखवले. ते काढून फीत बाहेर घ्यायची, चुरगाळलेला भाग छाटायचा, दोन टोके पातळ चिकटपट्टीने मागच्या बाजूने सांधायची, आणि पुन्हा चालवायची. फीत सेकंदाला जेमतेम सव्वादोन-अडीच सेंटिमीटर सरकते. म्हणजे ती म्हातारी साडेनऊ सेंटिमीटरांत मावते. छाटताना सेकंद दोन सेकंद जातात. पण अडीच-पावणेतीन तासांच्या फितीत ते नेमके तिच्याच साडेनऊ सेंटिमीटरांवर पडावेत, हे फितीचे काम नव्हे. ते लेखकाच्या हाताचे काम आहे.

दुसरे, कथेतच त्याविरुद्ध पुरावा आहे. नातू तीन रात्री बसून सारी फीत संगणकावर पाहतो असे लेखकाने आरंभी लिहिले आहे. तसे केल्यावाचून आजीची अकरा मिनिटे त्याला वेचताच आली नसती. मग फीत पूर्ण उतरवलेली आहे. संगणकावर कापलेला तुकडा मुळातून नाहीसा होत नाही. तो फक्त जोडणीतून बाहेर राहतो. मूळ जसेच्या तसे शेजारी पडून असते. म्हणजे आजीने विचारल्यावर नातवाला दोन मिनिटांत ती म्हातारी परत आणता आली असती.

आणि तिसरे, जे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. ती परत आणता येते, यातच खरी कथा होती. वस्तू कायमची हरवली की आपल्याला रडता येते, क्षमा मागता येते, क्षमा मिळते, आणि सारे मोकळे होतात. तुटलेली फीत नातवाला अपराधातून सोडवते; कारण दोष मग यंत्राचा. पण फीत शाबूत आहे, शंभर चौकटी संगणकात जिथल्या तिथे आहेत, एक बटण दाबले की म्हातारी कळशी घेऊन चालू लागेल, आणि तरीही त्या नातवाला आयुष्यभर आजीच्या हातचे जेवून, तिच्या मांडीवर वाढून, तिचे नाव काय होते हे ठाऊक नव्हते, हे दुरुस्त होत नाही. तिथे रडण्याची सोय नाही. तिथे त्याने फक्त विचारायचे, "आजी, सुमी म्हणजे तू?" आणि तिने "हो" म्हणायचे. हा प्रश्न कथेत कुठेच विचारला जात नाही. लेखकाने त्याच्यापर्यंत आपल्याला आणून सोडले, आणि मग स्वतःच घाबरून फीत तोडली.

भाषेविषयी थोडेच सांगतो. आजीच्या तोंडची बोली अस्सल आहे. तिथे एकही शब्द उसना नाही. पण वर्णनात 'आठवणींचा हिंदोळा', 'काळाचा पडदा' असले जे शब्द येतात ते त्या वाढदिवसाच्या चित्रपटाला मागून लावलेल्या सनईसारखे आहेत. नातवानेही आपल्या सहा मिनिटांवर सनई लावली होती, आणि तिच्याखाली आजीने शूटिंगवाल्याला उद्देशून म्हटलेले एकमेव वाक्य, "दिवा जरा बाजूला घ्या, डोळ्यांत येतोय," बुडून गेले होते. लेखकाने हे स्वतःच लिहिले आहे. तेव्हा त्याला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

स्पर्धेच्या हस्तलिखिताची प्रत मी ठेवून घेतली होती. ती कोणाची हे वाचनालयाच्या दप्तरात सापडेल. पण मी अजून विचारलेले नाही. निकाल देऊन झाल्यावर नाव विचारायला जाणे मला बरे वाटले नाही. ज्याची किंवा जिची ती असेल, त्यांच्या हाती हा अंक पडला तर माझे एवढे सांगणे आहे, की शेवटचे दीड पान काढून टाकावे. लाल शाई माझ्याजवळ आहे, पण ही काट माझी नव्हे. ती तुम्हीच करावयाची. आणि करताना आधी एकदा पाहून घ्यावे, की त्या दीड पानात कोणी म्हातारी कळशी घेऊन तर चाललेली नाही.